९५ टक्के व्हेरियन्स राखला, तरी फरक कुठे गेला? पीसीए आणि एलडीए सोप्या भाषेत

डेटा सायन्स शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच: कॉलम फार झालेत ना, मग आधी पीसीए लाव, ९५ टक्के व्हेरियन्स राख आणि पुढे जा. सल्ला वाईट नाहीये, पण त्यातला तो ९५ टक्क्यांचा आकडा ऐकून बहुतेकांना वाटतं की आपण ९५ टक्के माहिती राखली आणि गेली ती किरकोळ पाच टक्के. आणि नेमकं हेच चुकतं, कारण व्हेरियन्स म्हणजे डेटा किती पसरलाय एवढंच, तो पसारा तुमच्या कामाचा आहे की नाही हे त्या आकड्याला माहीतच नसतं. तुम्हाला दोन गट वेगळे ओळखायचे असतील तर त्यांच्यातला सगळा फरक त्या टाकून दिलेल्या पाच टक्क्यांत असू शकतो. हे कसं होतं, कधी होतं आणि तेव्हा एलडीए काय वेगळं करतं, ते आज खऱ्या आकड्यांवर बघू.

आधी हे "प्रोजेक्शन" म्हणजे काय ते बघू

समजा प्रत्येक फुलाची दोन मापं घेतली, लांबी आणि रुंदी. आता मला दोन आकड्यांऐवजी एकच आकडा हवाय. तर मी लांबीला एक वजन देतो, रुंदीला एक वजन देतो आणि बेरीज करतो, उदाहरणार्थ "लांबी वजा रुंदीची दीडपट". झालं प्रोजेक्शन. प्रत्येक फुलाला एक नवा आकडा मिळाला आणि सगळी फुलं एका रेषेवर येऊन बसली. कॉलम दोन असोत की दोन हजार, गोष्ट तीच, प्रश्न एवढाच की वजनं कुठली द्यायची. पीसीए आणि एलडीए दोघंही वजनंच शोधतात, फक्त शोधताना विचारतात ते प्रश्न वेगळे.

पीसीए, म्हणजे प्रिन्सिपल कंपोनंट अॅनालिसिस, विचारतं की कुठल्या रेषेवर हा सगळा डेटा सर्वात जास्त पसरलेला दिसेल. कुठलं फूल कुठल्या जातीचं हे त्याला सांगितलेलंच नसतं, म्हणून त्याला अनसुपरवाइज्ड म्हणतात. कल्पना जुनी आहे, कार्ल पिअर्सनने १९०१ मध्ये मांडली आणि हॉटेलिंगने १९३३ मध्ये तिला आजचं रूप दिलं.

एलडीए, म्हणजे लिनिअर डिस्क्रिमिनंट अॅनालिसिस, लेबलं मागतं, हे फूल या जातीचं, ते त्या जातीचं, म्हणून ते सुपरवाइज्ड. त्याचा प्रश्न असा की कुठल्या रेषेवर दोन गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून लांब जातील आणि त्याच वेळी प्रत्येक गट स्वतःपुरता आवळून बसेल. यातली दुसरी अट महत्त्वाची आहे, नुसत्या सरासऱ्या लांब असून भागत नाही.

डोळ्यांसमोर आणायचं असेल तर दोन मोठ्या भाकऱ्या एकावर एक, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून धरल्यात असं समजा. सगळ्यात जास्त पसारा कुठे आहे? भाकरीच्या रुंदीत. पीसीए ती रुंदी पकडतं, म्हणजे वरून बघतं, आणि वरून एकच भाकरी दिसते. एलडीएला माहीत असतं की भाकऱ्या दोन आहेत, म्हणून ते बाजूने बघतं, तिथे पसारा नगण्य असतो पण दोन भाकऱ्यांमधली फट स्वच्छ दिसते.

आता खरी फुलं, खरे आकडे

एलडीएचा जन्म ज्या डेटावर झाला तोच घेऊ. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशरने हा पेपर लिहिला, आणि त्यातली आयरिस फुलांची मापं एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेली होती. तीन जाती, प्रत्येकीची ५० फुलं, प्रत्येक फुलाची चार मापं. आज हा डेटा पायथनमध्ये एका ओळीत मिळतो. मी मुद्दाम त्यातल्या दोनच जाती घेतोय, सेटोसा आणि व्हर्सिकलर, आणि दोनच मापं, सेपलची लांबी आणि रुंदी. सेपल म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं दल, आयरिसमध्ये ते खाली झुकलेलं, रंगीत असतं आणि पाकळीसारखंच दिसतं.

सेटोसाची सरासरी लांबी ५.०१ सेंमी आणि रुंदी ३.४३. व्हर्सिकलरची लांबी ५.९४ आणि रुंदी २.७७. म्हणजे सेटोसा आखूड पण रुंद, व्हर्सिकलर लांब पण अरुंद. फरक लांबीत ०.९३ चा आणि रुंदीत ०.६६ चा, उलट्या दिशेने.

आता एकाच जातीच्या आत बघा. तिथे उलट होतं, ज्या फुलाचं सेपल लांब असतं त्याचं रुंदही असतं. साहजिक आहे, फूल एकूणच मोठं असलं की सगळंच मोठं असतं. म्हणजे जातीच्या आतला फरक हा आकारमानाचा, लहान-मोठेपणाचा आहे आणि दोन जातींमधला फरक हा घडणीचा आहे. ही गोष्ट नीट पकडून ठेवा, पुढचं सगळं हिच्यातून निघतं.

नुसती लांबी वापरली तर? दोन सरासऱ्यांत ०.९३ चं अंतर आणि प्रत्येक गटाच्या आतला पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ०.४४. अंतर भागिले पसारा केलं की २.१ येतं. याच भागाकाराला मी पुढे "फट" म्हणणार आहे. फट जितकी मोठी तितकी दोन गटांची गल्लत कमी. नुसती रुंदी घेतली तर फट १.९.

शंभर फुलांवर पीसीए चालवलं की पहिली रेषा मिळते ती साधारण "०.९५ × लांबी − ०.३० × रुंदी". म्हणजे मुख्यतः लांबीच, कारण लांबीचाच पसारा जास्त आहे. एकूण व्हेरियन्सपैकी ६७ टक्के या एका रेषेवर येतो. फट येते २.९. नुसत्या लांबीपेक्षा बरी. दोन सरासऱ्यांच्या बरोबर मध्ये रेघ मारून जात ठरवली तर शंभरपैकी साधारण आठ फुलं चुकीच्या बाजूला पडतात.

एलडीएची रेषा येते "लांबी − १.२४ × रुंदी". बघा, रुंदीचं वजन लांबीपेक्षा जास्त झालं! आणि फट २.९ वरून ४.५ वर गेली. शंभर फुलांत चुकतं फक्त एक.

हे १.२४ आलं कुठून?

हे हाताने करून बघण्यासारखं आहे, कारण एकदा केलं की एलडीएबद्दलची भीती जाते. लागतात दोनच गोष्टी. एक, सरासऱ्यांमधला फरक, त्याला d म्हणू. दोन, गटांच्या आतला पसारा, दोन्ही जातींचा वेगवेगळा काढून त्यांची सरासरी, त्याला S म्हणू. फिशरचं उत्तर असं की d ला S ने भागा. S हा आकड्यांचा चौकोन असल्यामुळे भागाकार म्हणजे त्याचा इन्व्हर्स घेऊन गुणणं.

```
S = [ 0.195  0.092 ]
    [ 0.092  0.121 ]

d = ( 0.930, -0.658 )

w = S⁻¹ d = ( 11.4, -14.1 )
```

१४.१ ला ११.४ ने भागा, १.२४ मिळतं. S मध्ये कोपऱ्यातले ते दोन ०.०९२ बघा, ते सांगतात की जातीच्या आत लांबी आणि रुंदी एकत्र वाढतात. त्यांच्यामुळेच सगळा फरक पडतो. एखादं फूल नुसतं मोठं आहे म्हणून त्याची लांबी वाढली असेल तर रुंदीही वाढलेली असणार, आणि "लांबी वजा रुंदीची सव्वापट" केलं की तो मोठेपणा बराचसा कटून जातो आणि उरते ती घडण. एलडीए इथे जातीच्या आतला गोंगाट वजा करतंय. पीसीए ते करूच शकत नाही, कारण "जातीच्या आत" हे त्याला माहीत नाही, त्याच्यासाठी शंभर फुलांचा एकच ढीग आहे.

आता गुण लावून बघू. सेटोसाच्या सरासरी फुलाला मिळतात ०.७६, व्हर्सिकलरच्या २.५०, मधली रेघ १.६३. चुकणारं ते एक फूल म्हणजे यादीतलं ४२ वं सेटोसा: लांबी ४.५, रुंदी फक्त २.३. त्याचे गुण ४.५ − २.८५ = १.६५, रेघेच्या केसभर पलीकडे. सेटोसा असून त्याचं सेपल अरुंद आहे, म्हणजे चूकसुद्धा समजण्यासारखी आहे, आणि मला एलडीएमधली हीच गोष्ट फार आवडते, चुकलं तर का चुकलं ते एका वजाबाकीत दिसतं.

स्वतः बघायचं असेल तर एवढंच पुरे:

```python
from sklearn.datasets import load_iris
from sklearn.decomposition import PCA
from sklearn.discriminant_analysis import LinearDiscriminantAnalysis as LDA

X, y = load_iris(return_X_y=True)
X, y = X[:100, :2], y[:100]

print(PCA(1).fit(X).components_)
print(LDA().fit(X, y).scalings_)
```

आकडे माझ्यापेक्षा वेगळ्या पट्टीवर छापले जातील किंवा दोन्हींची चिन्हं उलटी येतील, त्याने काही बिघडत नाही, दोन वजनांचं एकमेकांशी गुणोत्तर बघा.

जाता जाता एक गोष्ट. एलडीएच्या रेषेवर मिळालेली ही फट, इथे साधारण ४.५, हिलाच महालनोबिस अंतर म्हणतात. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस माणसांच्या शरीराच्या मापांवरून गटांची तुलना करत होते, त्यातून ते निघालं, आणि त्यांचा पेपर फिशरच्याच वर्षी, १९३६ ला आला. दोनऐवजी अनेक गट असतील तर काय करायचं, हे पुढे १९४८ मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या सी. आर. राव यांनी मांडलं. आज आपण तीन-चार क्लासवर बिनदिक्कत एलडीए चालवतो त्यामागे हे काम आहे.

"पण मी तर आयरिसवर पीसीएने मस्त वेगळे झालेले ठिपके पाहिलेत"

पाहिलेच असणार, कारण बहुतेक ट्युटोरियलमध्ये चारही मापं घेतात. चारही घेतली की पाकळीची लांबी आत येते, आणि तिचा पसारा सगळ्यात जास्त आहे आणि जातींमधला फरकही तिच्यातच सगळ्यात जास्त आहे. सेटोसाची पाकळी सरासरी १.४६ सेंमी, व्हर्सिकलरची ४.२६, व्हर्जिनिकाची ५.५५. म्हणजे पसाऱ्याची दिशा आणि फरकाची दिशा योगायोगाने जवळजवळ एकच निघाली. पीसीएची पहिली रेषा ९२ टक्के व्हेरियन्स घेते आणि जातीही बऱ्यापैकी सुट्या करते, मग एलडीएचं चित्र त्याच्याशेजारी ठेवलं की दोन्ही सारखीच दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की काहीही वापरा, फरक काय पडतो. मला वाटतं या विषयाची गैरसमजूत इथूनच सुरू होते, उदाहरणच असं निवडलं जातं ज्यात फरक दिसत नाही.

तर नियम असा धरा: गटांमधला फरक हाच डेटातला सगळ्यात मोठा पसारा असेल तर पीसीएला तो आपोआप सापडतो. सगळ्यात मोठा पसारा दुसऱ्याच कारणाने असेल, वय, आकारमान, उजेड, मशिन, तर पीसीए त्या दुसऱ्या कारणाचं चित्र काढून देईल. ते चित्र खोटं नसतं, ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतं इतकंच.

"मग स्केलिंग केलं की झालं ना?"

अर्धं बरोबर. यासाठी वाइनचा डेटा बघा, तोही पायथनमध्ये `load_wine` म्हणून मिळतो. इटलीतल्या एकाच भागातल्या तीन प्रकारच्या वाइन, बारोलो, ग्रिन्योलिनो आणि बारबेरा, एकूण १७८ नमुने आणि प्रत्येकाची १३ मापं. त्यात प्रोलीन नावाचा एक घटक आहे ज्याचे आकडे २७८ पासून १६८० पर्यंत जातात आणि फ्लॅव्हनॉइड्स आहेत ज्यांचे आकडे ०.३४ ते ५.०८. प्रोलीनचा व्हेरियन्स जवळपास ९९ हजार, फ्लॅव्हनॉइड्सचा एक.

स्केलिंग न करता पीसीए लावलं तर पहिल्या रेषेवर ९९.८ टक्के व्हेरियन्स! कुणालाही वाटेल की झालं काम. प्रत्यक्षात ती रेषा म्हणजे प्रोलीनच, बाकीचे बारा कॉलम गायब. आणि प्रोलीनवर बारोलो (सरासरी १११६) वेगळी दिसते पण ग्रिन्योलिनो (५२०) आणि बारबेरा (६३०) एकमेकींत मिसळतात. त्या दोघींना वेगळं करणारे फ्लॅव्हनॉइड्स होते, २.०८ विरुद्ध ०.७८, पण ते त्या उरलेल्या ०.२ टक्क्यात गेले.

प्रत्येक कॉलम त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागला, म्हणजे सगळ्यांना एका पट्टीवर आणलं, की पहिली रेषा फक्त ३६ टक्क्यांवर येते आणि दुसरी १९ वर, पण आता त्या दोन रेषांच्या चित्रात तिन्ही वाइन बऱ्यापैकी सुट्या दिसतात. टक्के ९९.८ वरून ५५ वर आले आणि चित्र सुधारलं, हे पुन्हा एकदा वाचा.

म्हणजे स्केलिंगने एककांचा प्रश्न सुटतो. ग्रॅम की मिलिग्रॅम यावर उत्तर बदलू नये हे योग्यच आहे. एलडीएला हा त्रास होत नाही, कारण त्याच्या भागाकारात आतला पसारा आधीच भागला जातो, प्रोलीन कुठल्याही एककात द्या, गटांची मांडणी तीच राहते. पण स्केलिंगवर कायम विसंबता येत नाही. आयरिसच्या या दोन मापांवर स्केलिंग केलं तर पीसीएची रेषा एलडीएच्या जवळ येते खरी, पण तो योगायोग. तिथे अडचण एककाची नव्हती, दोन्ही मापं सेंटिमीटरमध्येच होती, अडचण ही होती की जातीच्या आत लांबी-रुंदी एकत्र हलतात आणि हे कळायला लेबल लागतं.

"मग लेबलं असली की कायम एलडीए?"

नाही, आणि इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय, कारण यात फसलेले लोक पीसीएमध्ये फसलेल्यांपेक्षा जास्त अडचणीत येतात. पीसीए फरक लपवतं. एलडीए नसलेला फरक दाखवू शकतं.

त्याला लेबलं दिली आहेत आणि काम दिलंय की गट वेगळे कर. कॉलम भरपूर असतील आणि नमुने थोडे, तर त्याला योगायोगाने वेगळी करणारी कुठली तरी रेषा सापडतेच. हे करून बघा, वरचाच कोड पुढे:

```python
import numpy as np
from sklearn.model_selection import cross_val_score

rng = np.random.default_rng(0)
Z = rng.normal(size=(60, 40))
g = np.repeat([0, 1], 30)

print(LDA().fit(Z, g).score(Z, g))
print(cross_val_score(LDA(), Z, g, cv=5).mean())
```

इथे ६० ओळी आणि ४० कॉलम, सगळे निव्वळ यादृच्छिक आकडे, आणि पहिल्या तीस ओळींना मी ० म्हटलं, पुढच्या तीसांना १. या दोन गटांत काहीही फरक नाहीये. तरी पहिला आकडा, म्हणजे ज्या डेटावर शिकलं त्याच डेटावरचा स्कोअर, नव्वद टक्क्यांच्या आसपास येतो. चित्र काढलं तर दोन छान सुटे ढीग दिसतात. दुसरा आकडा, न पाहिलेल्या ओळींवरचा, पन्नासच्या आसपास घोटाळतो, म्हणजे नाणं उडवण्याइतका.

यादृच्छिक आकड्यांवर हे होतं तर तुमच्या डेटावर होणार नाही कशावरून? वीस रुग्ण, वीस निरोगी माणसं आणि प्रत्येकाची शेकडो मापं, अशा अभ्यासात एलडीएचं सुंदर वेगळं झालेलं चित्र छापलेलं दिसलं तर पहिला प्रश्न हा विचारायचा की चित्रातले ठिपके शिकवताना वापरलेले आहेत की बाजूला ठेवलेले. बाजूला ठेवलेले ठिपके त्याच रेषांवर टाकले आणि ढीग एकमेकांत शिरले, तर आधीचं चित्र टाकून द्या.

पीसीएचं चित्र या बाबतीत जास्त विश्वासाचं असतं. त्याने लेबलं पाहिलेलीच नाहीत, त्यामुळे तिथे गट सुटे दिसले तर ते त्याने लेबलांकडे बघून जुळवलेलं नाही एवढं नक्की. म्हणून नवा डेटा हातात आला की लेबलं असली तरी आधी पीसीएचं चित्र काढून लेबलांचे रंग नंतर भरावेत असं माझं मत आहे. ठिपके जातीनुसार सुटे न होता कुठल्या लॅबमध्ये मोजले त्यानुसार सुटे झाले, असंही दिसतं कधी कधी, आणि ही गोष्ट एलडीए तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण तुम्ही ती विचारलीच नाही.

एलडीएची अजून एक बाजू लक्षात असू द्या. ते सरासऱ्यांवर चालतं. एक गट मध्ये घट्ट बसलाय आणि दुसरा त्याच्याभोवती कड्यासारखा पसरलाय, तर दोघांची सरासरी एकच, d शून्य, आणि एलडीएच्या हातात काही उरत नाही. आणि गट तीन असतील तर रेषा जास्तीत जास्त दोन मिळतात, दोन असतील तर एकच, कॉलम हजार असले तरी. कुणी दोन क्लासच्या डेटावर एलडीएने दहा रेषा मागितल्या तर एरर येणारच, कारण दोन सरासऱ्यांमध्ये दिशा एकच असते.

दोन्ही एकत्र: चेहऱ्यांची गोष्ट

चेहरे ओळखण्याच्या संशोधनात हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळतं. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलंड यांची आयगनफेसेस पद्धत आली, म्हणजे चेहऱ्यांच्या फोटोंवर पीसीए. तिची अडचण उजेडाची. फोटोत डावीकडून उजेड आला की उजवीकडून, यामुळे पिक्सेलमध्ये जो बदल होतो तो माणूस बदलल्याने होणाऱ्या बदलापेक्षा मोठा असू शकतो. पीसीएच्या पहिल्या काही रेषा मग उजेडाच्या निघतात आणि एकाच बाजूने उजेड पडलेले दोन वेगळे चेहरे जवळ येऊन बसतात. पहिल्या तीन रेषा टाकून द्यायची युक्ती त्यामुळेच वापरली गेली, सगळ्यात जास्त व्हेरियन्सवाल्याच टाकून द्यायच्या!

१९९७ मध्ये बेलह्यूमर, हेस्पान्या आणि क्रीगमन यांनी फिशरफेसेस मांडले. एकाच माणसाचे वेगवेगळ्या उजेडातले फोटो म्हणजे एक गट, मग उजेड हा गटाच्या आतला पसारा झाला, आणि आतला पसारा भागून टाकणं हे तर एलडीएचं कामच. पण थेट एलडीए लावता येत नव्हतं. पिक्सेल हजारो, फोटो त्यामानाने मूठभर, अशा वेळी S चा इन्व्हर्सच निघत नाही. म्हणून त्यांनी आधी पीसीएने कॉलम कमी केले, इतके की S उलटवता येईल, आणि मग एलडीए. फोटोंच्या संख्येतून माणसांची संख्या वजा करा, तितक्या रेषा त्यांनी ठेवल्या.

आज चेहरे ओळखायला डीप लर्निंग वापरतात, पण "आधी पीसीए, मग एलडीए" ही जोडी जास्त कॉलम आणि कमी नमुन्यांच्या डेटावर अजूनही कामाची आहे. यात प्रश्न येतो की पीसीएच्या किती रेषा ठेवायच्या. फार कमी ठेवल्या तर फरकाची दिशा आधीच कापली जाते, आणि एकदा कापलेली दिशा एलडीएला परत आणता येत नाही. फार जास्त ठेवल्या तर ती वरची यादृच्छिक आकड्यांवाली फसगत. त्यामुळे ९५ टक्क्यांसारखा ठरीव आकडा न धरता ५, १०, २०, ४० रेषा ठेवून क्रॉस व्हॅलिडेशनचा स्कोअर बघायचा. दुसरा मार्ग म्हणजे पीसीए न लावता S लाच जरा सौम्य करायचं, त्याला श्रिंकेज म्हणतात, `LDA(solver='eigen', shrinkage='auto')` एवढं लिहून होतं, आणि नमुने कमी असताना बऱ्याचदा ते जास्त सोपं पडतं.

दोन्हीपैकी काहीही करा, स्केलिंग, पीसीए आणि एलडीए यांपैकी जे वापराल ते याच क्रमाने एका `Pipeline` मध्ये घालून ती पाइपलाइन `cross_val_score` ला द्या. आधी सगळ्या डेटावर एलडीए लावून कॉलम बनवले आणि मग त्या कॉलमांवर ट्रेन-टेस्ट वेगळं केलं, तर टेस्टची लेबलं त्या कॉलमांत आधीच उतरलेली असतात, आणि मिळणारा स्कोअर वरच्या ६० ओळींच्या पहिल्या आकड्यासारखा फुगलेला येतो.